निरसे की धारोष्ण?

कोल्हापूरहून मुंबईला निघालेली कोयना एक्स्प्रेस. पंचगंगेचा पूल मागे पडला तसा काकूंनी पेपर उघडला, तो थेट शब्दकोड्याच्या पानावर. समोरच्या सीटवर शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारा एक मुलगा. दोघांची ओळखदेख नाही.

मिरज गेलं, सांगली गेली. कराडपर्यंत काकूंचं निम्मं कोडं भरून झालं होतं, पण डावा कोपरा काही हलेना. मुलगा मघापासून पेपरात डोकावत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काकू, ते खालचं आडवं 'कृष्णविवर' असेल. प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही, असं दिलंय ना?"

"बसत नाही रे. दुसऱ्या चौकटीत 'से' आलाय."

मराठी कोड्यात एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट. आडव्या-उभ्या शब्दांची गाठ पडते, तिथे ते तंतोतंत जुळावं लागतं. 'ष्ण'च्या जागी 'से' चालत नाही.

वरच्या आडव्या ओळीतही तीच अडचण. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण, अक्षरं पाच. राधानगरी, हे काकूंना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण दुसऱ्या चौकटीत 'नि' होता.

हा 'नि' आणि हा 'से' एकाच उभ्या शब्दातले. 'नुकतेच काढलेले, न तापवलेले दूध', अक्षरं तीन. काकूंनी पेनानं ठसठशीत लिहिलं होतं, 'निरसे'.

"काकू, ते निरसेच चुकलं नसेल ना?"

"दुधाचं मला सांगतोस? गंगावेशीत जन्म गेला माझा!"

शब्द चुकीचा नव्हताच. निरसं म्हणजे न तापवलेलं दूध, आणि अक्षरंही तीनच. असा शब्द फार फसवतो, कारण एकटा बघितला तर तो बरोबरच वाटतो. पण त्याला छेदणारे दोन पक्के शब्द अडले, की संशय त्याच्यावरच घ्यायचा.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग कडेच्या कोऱ्या जागेत त्यांनी राधानगरीतला 'धा' लिहिला, त्याखाली एक चौकट मोकळी सोडली आणि खाली कृष्णविवरातला 'ष्ण'.

"अगं बाई, धारोष्ण!"

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते. धार काढली की फेसाळ, कोमट दुधाचा पेला थेट हातात येतो. ते दूध लहानपणापासून प्यायलेल्या काकूंनी 'निरसे'वर काट मारली आणि पेन मुलाच्या हातात दिलं.

पुढचं भराभर सुटलं. कृष्णविवरातल्या 'वि'पासून खाली पाच अक्षरी किल्ला हवा होता, पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज १६६० मध्ये जिथे पोहोचले तो. दोघं एकदमच म्हणाले, "विशाळगड!"

सातारा यायच्या आत कोडं पूर्ण झालं. मग मुलानं विचारलं, "गंगावेशीत दूध किती वाजता मिळतं हो, काकू?"