ऑर्डर भरपूर, मग खात्यात पैसे का नाहीत?

कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी. सकाळी भट्टीतून रस ओतला की संध्याकाळपर्यंत मोल्ड फोडून कास्टिंग बाहेर, पण त्या कास्टिंगचे पैसे कधी येतात ते आज मोजूया. समजायला सोपी पडावी म्हणून एक छोटी फाउंड्री धरू, वर्षाची विक्री जीएसटी सोडून 3 कोटी 65 लाख, म्हणजे रोजची 1 लाख. मालाची खरेदी रोजची 50 हजार, आणि मजुरी, लाइट बिल सगळं धरून उत्पादन खर्च रोजचा 85 हजार.

आता शेडमध्ये बघा. पिग आयर्न, स्क्रॅप, फेटलिंगला म्हणजे घासून साफ करायला पडलेला माल आणि लॉट पूर्ण व्हायची वाट बघणारी तयार कास्टिंग, सगळं मिळून 34 लाखांचं. त्याला 85 हजारांनी भागा, 40 दिवस.

येणं बघायला टॅली उघडलं तर 88 लाख 50 हजार दिसतंय, आणि इथंच बरेच जण फसतात. ते सरळ 1 लाखाने भागून 88 दिवस म्हणतात, पण या येण्यात 18 टक्के जीएसटी आहे आणि विक्रीत आपण तो धरलेलाच नाही. 1.18 ने भागून जीएसटी काढला की उरतात 75 लाख, म्हणजे 75 दिवस. बिलावर 60 दिवस लिहिलेले असतात हो, पण पार्टी दिवस मोजते ते माल उतरवून जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद केल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही.

देणं 17 लाख 70 हजार, तसाच जीएसटी काढून 15 लाख, भागिले 50 हजार, 30 दिवस. म्हणजे 75 अधिक 40 वजा 30, रुपया फिरून घरी यायला 85 दिवस.

पण किती पैसे लागतील हे काढताना जीएसटी परत धरायचा, कारण पार्टीने पैसे देवोत न देवोत, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला आपल्याला तो भरावाच लागतो. तर 88.5 अधिक 34 वजा 17.7, ढोबळमानाने 1 कोटी 5 लाख.

बँक छोट्या उद्योगाला साधारण अंदाजी विक्रीच्या 20 टक्के सीसी म्हणजे कॅश क्रेडिट लिमिट देते आणि 5 टक्के मालकाने घालायचे असतात. 73 लाख आणि सव्वाअठरा लाख, बेरीज सव्वाएक्क्याण्णव. साडेतेरा लाख कमीच पडतात! मग स्क्रॅपवाल्याला थांबवा, पगार चार दिवस पुढे ढकला, हे सुरू होतं.

कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने कोण बोलतंय. तरी हिशोब करून ठेवा, 75 चे 45 झाले तर 30 दिवस गुणिले 1 लाख 18 हजार, 35 लाख 40 हजार मोकळे होतात, आणि मग सीसी लिमिट वाढवून मागायची वेळच येत नाही.