लोहाची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियमची जेवणासोबत

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी लिहून दिली की बहुतेक घरांत दोन्ही गोळ्या एकाच डबीत जातात आणि रात्रीच्या जेवणानंतर एकाच घोटाबरोबर घेतल्या जातात. विसरायला नको म्हणून केलेली ही सोय लोहाच्या मुळावर येते.

लोह प्रामुख्याने जठराच्या लगेच पुढे असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. तिथल्या पेशींत शिरण्यासाठी ते आधी आम्लात विरघळलेले असावे लागते. कॅल्शियम कार्बोनेट हे मुळात आम्ल शमवणारे द्रव्य आहे, पित्तावरच्या अनेक गोळ्यांत तेच असते. म्हणजे ते एकीकडे जठरातले आम्ल कमी करते आणि दुसरीकडे लोहाच्या पेशींत शिरण्याच्या वाटेतही अडथळा आणते. ही स्पर्धा एकतर्फी आहे, कारण लोहामुळे कॅल्शियमचे फारसे बिघडत नाही. जेवणासोबत ३०० ते ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतले, तर त्या वेळच्या लोहाचे शोषण जवळपास निम्म्यावर येऊ शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. निरोगी माणसाच्या शरीरातील लोहाच्या साठ्यावर मात्र याचा दीर्घकाळात फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे कोणी घाबरून दूध सोडू नये. प्रश्न येतो तो रक्तक्षयावर उपचार चालू असताना, जेव्हा गोळीतले जितके लोह शरीरात जाईल तितके हवे असते.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंचे हिमोग्लोबिन ९.२ आहे. त्यांना लोहाची एक गोळी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या आहेत. महिनाभर तिन्ही गोळ्या रात्री जेवून झाल्यावर, दुधाबरोबर घेतल्या. महिन्याने तपासणी केली तर आकडा ९.४. ‘गोळ्या लागू पडत नाहीत,’ असे त्यांना वाटते. चूक गोळीची नाही, घड्याळाची आहे. आणि ती एक नसून दोन आहेत, कारण आतडे एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषते, त्यामुळे एकदम घेतलेल्या दुसऱ्या गोळीचा बराचसा भाग तसाच वाया जात होता.

आता या तीन गोळ्या दिवसभरात मांडून पाहू. लोहाला रिकामे पोट मानवते, तर कॅल्शियम कार्बोनेटला विरघळण्यासाठी अन्नासोबत स्रवणारे आम्ल लागते. दोघांच्या गरजा अशा उलट असल्यामुळे मांडणी सोपी होते. सकाळी साडेसहाला उठल्यावर लोहाची गोळी साध्या पाण्याबरोबर, शक्य असल्यास लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. चहा-कॉफी त्यानंतर किमान तासाभराने, आणि तासाहून जास्त थांबता आले तर उत्तमच, कारण त्यांतील तुरट द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. नाश्ता आठला. कॅल्शियमची एक गोळी दुपारी एकच्या जेवणासोबत आणि दुसरी रात्री साडेआठच्या जेवणासोबत. ‘सोबत’ म्हणजे घास चालू असताना किंवा जेवण संपताच. तासाभराने आठवण झाल्यावर नव्हे. कॅल्शियम सायट्रेट असेल तर जेवणाची अट नाही, पण लोहापासूनचे अंतर तिथेही पाळावे. म्हणून वेष्टनावर कार्बोनेट लिहिले आहे की सायट्रेट, हे एकदा वाचावे. तिथेच आणखी एक गफलत होते: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते.

उपाशीपोटी लोह घेतल्यावर अनेकांना मळमळते, पोटात ढवळते. अशा वेळी गोळी बंद करण्यापेक्षा दुपारी साडेचारला, म्हणजे जेवणानंतर साडेतीन तासांनी ती घेऊन पाहावी. तरीही सोसत नसेल, तर थोड्या खाण्यासोबत घ्यावी. शोषण कमी होईल, पण न घेतलेल्या गोळीपेक्षा ते बरे. त्या खाण्यात दूध, दही मात्र नको. काहींना डॉक्टर एक दिवसाआड गोळी सुचवतात. लोहाचा मोठा डोस घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट रोखून धरते, हे त्यामागचे कारण आहे. हा बदल मात्र आपल्या मनाने करू नये, विशेषतः गरोदरपणात.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी लोह पहाटे घेऊ नये, कारण त्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब ठेवावी लागतात. त्यांच्यासाठी साडेचारचीच वेळ सोयीची.

वेळ बदलल्याचा उपयोग होतो आहे हे कसे ओळखावे? शौचाचा काळा रंग हा पुरावा नव्हे, कारण तो न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. गोळ्या नियमित आणि योग्य वेळी घेऊन ते साधारण एक-दोन अंकांनी वाढले, तर मांडणी जमली. ९.४ चे साडेनऊच झाले असतील, तर डॉक्टरांना वेळापत्रक दाखवावे आणि पोटातून कुठे रक्तस्राव होतो आहे का, मासिक पाळीत जास्त जातो आहे का, किंवा आम्ल कमी करणारे औषध रोज चालू आहे का, हे विचारावे.