दोन बंदूकधारी आणि एक घर : मोसुल, १७ मार्च २०१७

पडद्यावर दिसणारा हा काँक्रीटचा ढिगारा म्हणजे इराकमधील मोसुल शहराच्या पश्चिम भागातले, अल-जदीदा वस्तीतले एक घर आहे. १७ मार्च २०१७ रोजी या घराच्या वरच्या मजल्यावरून इस्लामिक स्टेटचे दोन नेमबाज इराकच्या दहशतवादविरोधी दलावर गोळीबार करत होते. पुढे सरकणारी तुकडी त्यामुळे अडली आणि तिने हवाई मदत मागितली. अमेरिकेच्या विमानाने त्या घरावर जीबीयू-३८ जातीचा एक बॉम्ब टाकला.

युद्धाच्या कायद्याचा पहिला प्रश्न असतो, लक्ष्य कोण? योद्धा आणि नागरिक, लष्करी वस्तू आणि नागरी वस्तू यांत भेद करून हल्ला केवळ लष्करी लक्ष्यावरच करावा लागतो. इथे त्याचे उत्तर सोपे होते. गोळ्या झाडणारे नेमबाज हे वैध लक्ष्य होते, आणि ज्या मजल्यावरून ते लढत होते त्यालाही नागरी घराचे संरक्षण त्या वेळी उरले नव्हते.

शस्त्र कसे निवडले गेले, हे मात्र सावकाश पाहायला हवे. जीबीयू-३८ हा उपग्रहाच्या साहाय्याने दिशा घेणारा, सुमारे २२७ किलो वजनाचा बॉम्ब आहे. प्रत्यक्ष स्फोटक त्यात सुमारे ८७ किलो असते, उरलेले वजन बहुतांशी पोलादी कवचाचे. घराची बांधणी भक्कम काँक्रीटची दिसत होती. बॉम्ब आदळताक्षणी न फुटता किंचित उशिराने फुटेल, अशी कळ त्यात बसवली होती, म्हणजे स्फोटाचा मारा वरच्या मजल्यापुरता राहील असा अंदाज होता. हानी कमी होईल असे साधन निवडा, असे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ५७ सांगते. अमेरिकेने हा प्रोटोकॉल मंजूर केलेला नाही. पण भेद, प्रमाण आणि खबरदारी हे मूळ नियम रूढीने सर्वच युद्धकर्त्यांना लागू मानले जातात.

यानंतर प्रमाणाचा प्रश्न येतो. अपेक्षित नागरी हानी ही मिळणाऱ्या ठोस आणि प्रत्यक्ष लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी असेल, तर लक्ष्य वैध असूनही हल्ला बेकायदा ठरतो. मृतांची संख्या पाहून हा निर्णय मागाहून होत नाही. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्ब सेनानी गॅलिच याच्या खटल्याच्या २००३ च्या निकालात कसोटी सांगितली आहे ती अशी, की हल्ला करणाऱ्याच्या जागी असलेली, पुरेशी माहिती असलेली समंजस व्यक्ती उपलब्ध माहितीचा वाजवी वापर करून काय अपेक्षित धरेल? खाली कोणीच नाही असे समजून हिशेब मांडला, तर दोन नेमबाजांविरुद्ध एक बॉम्ब अवाजवी वाटत नाही. मग ही समजूत कशावर उभी होती, हे तपासावेच लागते, आणि आमच्या दृष्टीने या घटनेचा गाभा इथेच आहे.

अमेरिकी लष्कराच्या चौकशीनुसार, खालच्या मजल्यांवर नागरिक आहेत हे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या किंवा इराकी सैन्याच्या लक्षात आले नव्हते, कारण त्याआधीचे दोन दिवस खराब हवामानामुळे आकाशातून टेहळणी करता आली नव्हती. दुसरीकडे, शहराबाहेर पळू नका, घरातच थांबा, असे इराकी सरकारने पत्रके टाकून रहिवाशांना सांगितले होते. ज्या वस्तीत लोक आहेत हे सरकारलाच ठाऊक होते, तिथल्या एका भक्कम घरात कोणी आसरा घेतला नसेल, असे कसे गृहीत धरले? कलम ५७ शक्य ते सर्व करून खातरजमा करायला सांगते, आणि आकाश झाकलेले असले म्हणून ती जबाबदारी संपत नाही. लोक दिसले नाहीत याचा अर्थ लोक नाहीत असा होत नाही. अशा वेळी थांबणे, अन्य मार्गाने खात्री करणे, तुकडीला आडोशाला घेणे किंवा लहान शस्त्राने नेमबाजांना गप्प करणे यांपैकी काय शक्य होते, याचा विचार खबरदारीतच मोडतो.

स्फोटाने घर संपूर्ण कोसळले. चौकशीचा निष्कर्ष असा, की एवढ्या पडझडीला त्या बॉम्बच्या कितीतरी पट स्फोटक लागते, म्हणून इस्लामिक स्टेटने घरात स्फोटके साठवली असावीत. बचावकार्य करणाऱ्या काही इराकी अधिकाऱ्यांनी आणि रहिवाशांनी ते नाकारले. स्फोटके खरोखरच साठवली असली, तर वस्तीत लष्करी साहित्य ठेवू नये हा बचाव करणाऱ्याचा नियम त्या संघटनेने मोडला. पण त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५१ नुसार शत्रूच्या उल्लंघनाने हल्लेखोराची नागरिकांप्रति असलेली बंधने सैल होत नाहीत.

अमेरिकेच्याच चौकशीनुसार किमान १०५ नागरिक ठार झाले. त्यांतले १०१ या घरात होते आणि ४ शेजारच्या घरात.