तीन सुपं आणि एकशे सव्वीस चिठ्ठ्या

(दृश्य: खाडी, सकाळ. चिरेबंदी घराची पडवी. जमिनीवर ओळीत तीन सुपं.)

देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं एक घर. पडवीत ही जी तीन सुपं मांडलीत ती तांदूळ पाखडायची, पण आज त्यांच्यात तांदूळ नाहीत, चिठ्ठ्या येणार आहेत. खुंटीवर अर्धवट तुणलेलं जाळं दिसतंय ना, ते या घरातल्या बाबांचं. गावातली फाटलेली जाळी तेच तुणून द्यायचे. जानेवारीत ते गेले. त्याच संध्याकाळी मुलीने त्यांचा होडीतला फोटो टाकून चार ओळी लिहिल्या, आणि दोन दिवसांत त्याला एकशे सव्वीस उत्तरं आली.

तीन महिन्यांनी मुलगी ती सगळी उत्तरं छापून घेऊन आली, रत्नागिरीहून, एसटीने, पिशवीत घालून. आईला मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं. तिला बघायचं होतं की एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं त्यातलं आईला नक्की काय पोचलं.

(दृश्य: कात्री, कागदाच्या पट्ट्या, हात.)

आता हे नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. कापताना मुलगी लिहिणाऱ्याचं नाव वेगळं काढते, मागे पेन्सिलीने फक्त नंबर घालते. का, तर नाव दिसलं की आई माणसाला मार्क देणार, वाक्याला नाही. मामाने लिहिलंय म्हटल्यावर वाईट कोण म्हणेल? म्हणून पहिली फेरी बिननावाची. मुलगी वाचणार, आई फक्त सुपाकडे बोट दाखवणार. कुठलं सूप कशाचं हे आधी ठरवलेलंच नाही, ते आईचं आईने ठरवायचं.

पहिल्या सुपात भराभर पडलं ते "भावपूर्ण श्रद्धांजली", "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो", नुसते जोडलेले हात. एकाहत्तर. आम्हाला वाटलं ही नावडती रास असणार. तर आई म्हणाली, "ह्यां वायट नाय गो. इले म्हणान कळला." म्हणजे वाक्यात काही नसतं पण हजेरी लागते, दारात चपला किती पडल्यात त्यावरून घरात माणसं आहेत हे कळतं तसं. ती एकेक करून कोणी वाचत नाही, एकत्र मोजली जातात. मला स्वतःला या "भावपूर्ण"चा भयंकर राग होता, तो त्या पडवीत निम्मा उतरला.

दुसऱ्या सुपाला मात्र वेळ लागला. अडतीस चिठ्ठ्या. त्यातल्या निम्म्या सल्ल्याच्या आणि समजुतीच्या, म्हणजे खंबीर राहा, देवाला चांगली माणसं आवडतात, निदान हाल झाले नाहीत. आईचा हात प्रत्येक "निदान"ला थांबायचा (कॅमेऱ्यात आलंय, बघा). वाक्य खोटं नव्हतं, हाल खरंच झाले नव्हते. पण ते घरच्यांनी म्हटलं तर दिलासा आणि बाहेरच्याने म्हटलं की हिशोब, तुझं दुःख एवढं एवढं कमी कर असा.

उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्यांत एकच वाक्य, "काही लागलं तर हक्काने सांग." वाईट हेतू कोणाचाच नाही. मुलीने विचारलं, आये, यातल्या किती जणांना फोन केलास? एकालाही नाही. कारण काय लागतंय ते आधी आपण ठरवायचं, मग कोणाला सांगायचं ते ठरवायचं, मग फोन करून तोंडाने मागायचं. ज्या बाईला त्या दिवसांत चहात साखर घातली की नाही हे आठवत नव्हतं तिच्यावर हे तीन उद्योग टाकलेले. त्याच्या शेजारी ही चिठ्ठी ठेवून बघा: "मंगळवारी डाळभात आणतो, दार उघडलं नाहीस तर पायरीवर डबा ठेवून जातो." दिवस ठरलेला, वस्तू ठरलेली, नको म्हणायचीही मुभा. ही गेली तिसऱ्या सुपात.

(दृश्य: तिसरं सूप, जवळून.)

तिसऱ्यात फक्त सतरा. बहुतेक आठवणी. एक मी पूर्ण वाचतो: "माझं जाळं भर पावसाळ्यात तुमच्या पडवीत बसून तुणून दिलं, पैसे विचारले तर म्हणाले आधी बांगडा लागू दे मग बघू." यात सांत्वनाचा एक शब्द नाही. आईने ती तीनदा वाचायला लावली. घरातल्यांना माहीत नसलेले बाबा त्यात होते, गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं, हे दुसऱ्या कुठल्या वाक्याने होत नाही. आणि हो, "काय बोलू कळत नाही" एवढंच लिहिलेली एक चिठ्ठीसुद्धा तिसऱ्यातच.

ब्रँट बर्लेसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सांत्वनाच्या बोलण्यावर आयुष्य घातलं. त्याची मांडणी थोडक्यात अशी की सगळ्यात खालचं बोलणं समोरच्याची भावनाच नाकारतं, मधलं ती मान्य करतं पण लगेच विषय वळवतं किंवा कारणं देतं, आणि वरचं त्या माणसाला त्याचं दुःख बोलू देतं. आमच्या सुपांशी बरंचसं जुळतं, सगळं नाही. पायरीवरचा डबा त्या शिडीत कुठे बसवणार?

(दृश्य: नावांची वेगळी गड्डी. दुसरी फेरी.)

आता नावं जोडून परत वाचन. चार चिठ्ठ्यांनी सूप बदललं. "खंबीर राहा" हे सुकटीच्या धंद्यातल्या एका बाईने लिहिलं होतं, तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेलाय, नाव ऐकताच आईने चिठ्ठी उचलून तिसऱ्यात टाकली. शब्द तेच, पण ती सोसून बोलतेय. उलट एक सुंदर आठवण तिसऱ्यातून खाली आली, कारण लिहिणारा दोन घरं सोडून राहतो आणि आजतागायत पडवीत आलेला नाही.

1986 साली लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन यांनी अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना हेच विचारलं होतं, काय कामी आलं आणि काय नाही. कामी आलं त्यात तसंच दुःख पाहिलेल्या माणसांची भेट आणि मन मोकळं करायला मिळणं, खुपलं त्यात सल्ला आणि लवकर सावर म्हणणं. त्याहून मजेशीर म्हणजे ज्यांच्यावर अशी वेळ आलेली नव्हती त्यांना तुम्ही काय बोलाल विचारलं तर त्यांनीही बरोबर गोष्टीच सांगितल्या. म्हणजे माहीत सगळ्यांना असतं, प्रत्यक्ष माणूस समोर आला की घाबरून तोंडातून "निदान" निघतं.

एक अडचण सांगायला हवी. मुलगी आधी वेगळंच मोजायला गेली होती, आईने कोणाला आभार मानले ते. त्यातून काही कळेना, कारण आईने सगळ्यांनाच सारखे हात जोडले होते. आभार रीत म्हणूनही मानले जातात. कळलं ते परत वाचायला काय मागितलं त्यावरून. आणि हे एका घराचं, तीन महिन्यांनंतरचं आहे, पहिल्याच आठवड्यात हीच रास वेगळी पडली असती असं आईच म्हणते.

दोन घरं सोडून राहणारा तो माणूस पुढच्या रविवारी येऊन गेला, ते शूट झालं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. सुपं रिकामी होतायत.)

पहिल्या दोन सुपांतल्या चिठ्ठ्या पिशवीत परत गेल्या. तिसऱ्यातल्या बिस्किटाच्या डब्यात. बांगड्याची मात्र डब्यात नाही गेली, आईने ती खुंटीवरच्या जाळ्यात खोचली, बाबांची जाळ्याची सुई अडकवलेली आहे तिथेच.