खो देण्याची वेळ: शाळेच्या मैदानावरचा एक तास

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. मैदानावर सातवी-आठवीची अठरा मुले जमली असून प्रशिक्षकांनी आजच्या खो-खोच्या तासासाठी खो देणे आणि खो मिळताच उठणे एवढे एकच कौशल्य निवडले आहे.

पहिली दहा मिनिटे शरीर तापवण्याची आहेत. मुले दोन खांबांमध्ये हलके धावतात, आडवी पावले टाकतात आणि शेवटी उकिडवे बसून शिट्टीसरशी पाच पावले झेपावतात, कारण खेळात गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर ताण पडतो तो नेमका याच हालचालीने.

यानंतरच्या पंचवीस मिनिटांत खरे काम होते. मुले जोडीने बसतात. मागचा जोडीदार कधी नुसताच ‘खो’ म्हणतो, कधी नुसताच पाठीला हात लावतो, तर कधी दोन्ही एकदम करतो. बसलेल्याने उठायचे ते फक्त तिसऱ्या वेळी. सुरुवातीला बहुतेक मुले नुसत्या आवाजावरच उठतात. सामन्यात हाच फाऊल ठरतो आणि बोल उठणाऱ्याला लावला जातो. पण प्रशिक्षक बाजूला, पाटीच्या म्हणजे बसलेल्याच्या चौकोनातून जाणाऱ्या आडव्या पट्ट्याच्या रेषेत उभे राहून पाहतात, तेव्हा चूक अनेकदा देणाऱ्याची निघते. तो दोन पावले दूर असतानाच ओरडतो आणि हात मागाहून पोहोचतो. मागून पाहणाऱ्याला हे अंतर कळतच नाही, म्हणून उभे राहण्याची जागा महत्त्वाची आहे.

उपाय साधा आहे. चार चौकोनांत मुले आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. देणाऱ्याने शेवटचे पाऊल आखूड टाकायचे, हात पाठीवर टेकतानाच ‘खो’ म्हणायचे आणि लगेच त्या जागी बसायचे. हे आधी चालत, मग अर्ध्या वेगाने आणि चुका थांबल्यावरच पूर्ण वेगाने करून घेतले जाते. वेग लवकर वाढवण्याचा मोह प्रशिक्षकालाच अधिक होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

पुढची पंधरा मिनिटे छोट्या खेळाची आहेत. अर्ध्या मैदानात एक खांब आणि चार चौकोन असतात. सहा-सहांच्या तीन गटांपैकी एका गटातील पाच जण पाठलाग करतात आणि सहावा बदली खेळाडू असतो; दुसऱ्या गटातील दोघे-दोघे पळतात आणि तिसरा गट बाजूला बसून लवकर उठण्याचे प्रसंग मोजतो. डाव नव्वद सेकंदांचा असून गडी बाद केल्यास एक गुण मिळतो आणि लवकर उठल्यास एक गुण जातो. वजाबाकीमुळे पहिल्या डावात गुण शून्याखालीही जाऊ शकतात. मोजणारी मुले पुढच्या डावात स्वतः बसतात, तेव्हा त्यांचे हात जमिनीवर जरा जास्त वेळ टेकलेले दिसतात.

शेवटी मुले मैदानाला दोन फेऱ्या चालत मारतात आणि पोटऱ्या, मांड्या व कंबर प्रत्येकी वीस ते तीस सेकंद, झटके न देता ताणतात. ज्याचा गुडघा दुखतो, त्याचे नाव प्रशिक्षक याच वेळी वहीत लिहून घेतात आणि पुढच्या तासाला त्याला उकिडवे बसवत नाहीत.