अवतरणचिन्ह आधी, अक्षर नंतर

(वडोदरा येथे इतिहासाच्या संशोधक विद्यार्थ्यांपुढे केलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मित्रहो, बडोद्यातल्या मराठी संशोधकाची अडचण जरा वेगळी आहे. वाचायचं इंग्रजीत नाहीतर गुजरातीत आणि टिपण काढायचं मराठीत. त्यामुळे भाषा बदलली की शब्द आपले झाले, असं वाटायला लागतं. ते तसे होत नाहीत.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. ही माहिती सांगायला अवतरणचिन्ह लागत नाही, कुठून घेतली एवढं नोंदवलं की पुरे. पण समजा, एका इंग्रजी ग्रंथात पृष्ठ ४१ वर लेखक म्हणतो, की पालकांचा विरोध शाळेला नव्हता, शेतातले हात कमी होण्याला होता. तुम्ही ते वाक्य मराठीत उतरवून पुढे जाता. सहा महिन्यांनी वहीत एक सुबक मराठी वाक्य दिसतं, मूळ इंग्रजी समोर नसतं, आणि ते तुमचंच म्हणून प्रबंधात जातं.

म्हणून पहिलं अक्षर उतरवण्याआधी अवतरणचिन्ह उघडा. मूळ वाक्य मूळ भाषेतच लिहा, चिन्ह बंद करा आणि लगेच पृष्ठ क्रमांक टाका. वाक्य पुढच्या पानावर जात असेल, तर पान बदलतं तिथे तिरकी रेघ मारा. नंतर त्यातलं अर्धंच वापरलं तरी पान चुकत नाही. गाळलेल्या जागी तीन टिंबं द्या, स्वतःचा शब्द घातला तर तो चौकोनी कंसात. त्याखाली ‘भाषांतर:’ लिहून मराठी रूप द्या. स्वतःला सुचलेलं नव्या ओळीवर, ‘मी:’ लिहून. आपल्या उदाहरणात तिथे येईल: ‘मी: पेरणीच्या महिन्यांतली हजेरी पाहायला हवी.’

खुणा अक्षरांतच करा. नुसत्या लाल-निळ्या शाईवर विसंबू नका. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंग जातो, आणि संगणकावर मजकूर दुसरीकडे चिकटवताना बऱ्याचदा तसंच होतं.

सारांश काढायचा असेल तर पुस्तक मिटून लिहा, मग उघडून ताडून पाहा. विशेषनामं आणि ठरलेल्या संज्ञा सोडून सलग तीन-चार शब्द जुळले, तर त्यांना चिन्हात घाला किंवा वाक्य नव्यानं लिहा. नुसते समानार्थी शब्द घालून वाक्याचा सांगाडा तोच ठेवला, तर ते तुमचं झालं नाही. आणि सारांश खरोखर तुमच्या शब्दांत असला तरी विचार लेखकाचा आहे, तेव्हा पृष्ठ क्रमांक तिथेही हवाच.

जुन्या वह्यांमध्ये बिनपृष्ठाचं, तुमच्या नेहमीच्या वळणापेक्षा जास्त सफाईदार वाक्य दिसलं, तर समासात प्रश्नचिन्ह करा. मूळ ग्रंथ पुन्हा हाती येईपर्यंत ते दुसऱ्याचं समजा आणि मसुद्यात घेऊ नका.