सेटलमेंटचं पत्र हातात आल्यावर

मंडळी, इथे परळ-लालबागमध्ये गाळा गहाण ठेवून धंद्यासाठी कर्ज काढणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, बँकेचं येणं ९,४०,००० रुपये आहे आणि वसुलीवाल्याने फोनवर सांगितलं, "पाच लाखांत मिटवून टाकू." अर्ज करताना तुमच्याकडून ५०,००० भरून घेतले आणि मग पत्र आलं.

पत्रात सेटलमेंटची रक्कम ५,००,०००च आहे. पण खालचे हप्ते बघा: पंधरा दिवसांत २,००,००० आणि उरलेले ३,००,००० नव्वद दिवसांत. या दोन हप्त्यांचीच बेरीज पाच लाख होते. मग आधीचे पन्नास हजार कुठे गेले? ते धरलेत की वेगळे, याबद्दल पत्रात अक्षर नाही. ते वेगळे धरले, तर तुमचा सौदा साडेपाच लाखांचा झाला. अशा वेळी फोनवर "हो हो, धरलेत" हे उत्तर घेऊन गप्प बसू नका. शाखेकडून दुरुस्त पत्र मागा, लेटरहेडवर, सहीशिक्क्याचं, तुमच्या कर्ज खात्याच्या नंबरासह.

तारखांचं कलम मी दोनदा वाचायला लावतो. बहुतेक पत्रांत लिहिलेलं असतं की एक हप्ता चुकला की सवलत रद्द आणि भरलेले पैसे मूळ येण्यात जमा. म्हणजे तुम्ही अडीच लाख भरलेत आणि शेवटचे तीन लाख हुकले, तर बँक ९,४०,०००मधून अडीच लाख वजा करून बाकी मागेल, वर व्याजही. शेवटची तारीख रविवारी येते का, आणि चेक दिल्याचा दिवस धरणार की पैसे जमा झाल्याचा, हे आधीच लेखी विचारा. मुदत वाढवायची की नाही हे बँकेच्या हातात असतं. उच्च न्यायालय ती बँकेवर लादू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून तीन लाखांची सोय नक्की झाल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.

आता सूट. 'राइट ऑफ केलं' एवढ्यावर समाधान मानू नका. राइट ऑफ हा बँकेच्या हिशोबाच्या वह्यांतला बदल आहे, तुमच्यावरचा हक्क तेवढ्याने सुटत नाही. उरलेलं मुद्दल, व्याज, दंड आणि वकिलाचा खर्च माफ, यापुढे काही येणं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जामीनदार मोकळा होतो का, चेक बाउन्सची केस कोण आणि कधी मागे घेणार, हेही त्याच पत्रात यायला हवं.

शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज घ्या आणि गाळ्याची मूळ कागदपत्रं मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या आदेशानुसार परतफेड किंवा सेटलमेंट पुरी झाल्यावर ३० दिवसांत कागदपत्रं परत द्यावी लागतात, पण तो आदेश घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे. तिथे बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. धंद्याच्या कर्जात त्यावर विसंबू नका, कागदपत्रं कधी परत मिळणार हे सेटलमेंटच्या पत्रातच लिहून घ्या. क्रेडिट रिपोर्टमध्ये मात्र खातं 'सेटल्ड' असं दिसेल. पुढचं कर्ज मागताना ते आड येतं, हे सही करण्याआधी घरात सगळ्यांना सांगा.